खो-खो खेळून, पावसात भिजूनही टिकणाऱ्या दोन वेण्या

लेक सहावीत आहे, केस कमरेपर्यंत आणि इतके जाड की माझ्या एका मुठीत अख्खी पोनी मावत नाही. शाळा सकाळची, बायकोची ड्युटी त्याच्याही आधी सुरू होते, त्यामुळे गेली दोन वर्षं वेण्या घालायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्या पावसाळ्यात डायरीत दोनदा शेरा आला होता, केस नीट बांधून पाठवणे म्हणून. मी रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त आवळून बांधायचो, लेक रोज ओरडायची, आणि तरी दुपारी दार उघडलं की समोर एक वेणी खांद्यावर, दुसरी अर्धी सुटलेली आणि कपाळावर केसांचा पिसारा.

मग आई आठवडाभर राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "अरे ओल्या केसांची वेणी घालतोयस तू, ती ढिली पडणारच." मला वाटलं काहीतरीच, कारण ओले केस तर किती छान बसतात. पण तिचं बरोबर होतं, आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून सुरू होतं.

केस पाणी पितो आणि फुगतो. पूर्ण ओला केस कोरड्यापेक्षा साधारण सातव्या हिश्श्याने जाड होतो. म्हंजे सकाळी फुगलेल्या केसांची घट्ट वेणी घातली की दहा वाजेपर्यंत केस वाळून बारीक होतात, पेडांमध्ये जागा होते आणि वेणी सैल पडते. शिवाय ओला केस ताणला की जास्त लांबतो आणि लवकर तुटतो, आणि ते तुटलेले आखूड तुकडेच नंतर कपाळावर उभे राहतात. त्यामुळे नीट वेण्यांची तयारी आदल्या दिवशीच होते, सकाळच्या दहा मिनिटांत काही होत नाही.

केस धुणं आणि वाळवणं

आम्ही बुधवारी शाळेतून आल्यावर आणि रविवारी सकाळी धुतो. शाळेच्या दिवशी सकाळी कधीच नाही. धुवायच्या दोन-तीन तास आधी खोबरेल तेल केसांच्या मधल्या भागापासून शेंड्यापर्यंत लावायचं, मुळाशी अगदी थोडं. खोबरेल केसाच्या आत शिरतं त्यामुळे केस धुताना पाणी कमी पितो, म्हंजे आज्या जे करायच्या त्यात तथ्य आहे. (डिसेंबरात बाटली गोठली की गरम पाण्यात उभी करून ठेवा, गॅसवर नको, आमच्याकडे एकदा बाटलीचं बूड वितळलंय.)

जाड केस पंख्याखाली वाळायला जुलैमध्ये आरामात पाच-सहा तास लागतात. वरून कोरडे दिसतात पण आतून नसतात आणि इथेच बहुतेक जण फसतात. ओळखायचं असं, मानेजवळचे, अगदी मुळापाशी असलेले केस बाजूला करायचे आणि आपल्या हाताचा उलटा तळवा नाहीतर गाल तिथे टेकवायचा. गार लागलं तर केस अजून ओलेत. बोटांना कळत नाही, गालाला कळतं. पूर्ण वाळल्यावर रात्री एक सैल वेणी घालून झोपवायचं, म्हंजे सकाळी गुंता सोडवण्यात वेळ जात नाही.

सामान

मोठ्या दातांचा कंगवा, भांग पाडायला शेपटीवाला कंगवा, कापडी काळे रबर पाच (जोडावर धातूची पट्टी नसलेले, ती पट्टी केस तोडते), चार टिकटॅक क्लिपा, आणि दोन रिबिनी. रिबिनीवर जरा बोलतो. गुळगुळीत सॅटिनची रिबीन दिसायला मस्त पण जाड केसांच्या वजनाने तिची गाठ सरकते. तुळशीबागेत रिबिनीच्या दुकानात बोटाला खरखरीत लागणारी, आडव्या रेघांची कापडी रिबीन मागा, एक इंच रुंद आणि प्रत्येकी दीड मीटर. दीड मीटर ऐकून जास्त वाटेल पण ती वेणीतून जाणार आहे, पुरेल एवढीच होते. आणि लाल रिबीन असेल तर वापरायच्या आधी दोन-तीनदा वेगळी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पहिल्या पावसात आमच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर गुलाबी डाग पडला तो आजपर्यंत गेला नाही.

भांग

आधी गुंता काढायचा, शेंड्यापासून सुरू करून वर वर जायचं. वरून खाली ओढलं की सगळे गुंते खाली एकत्र गोळा होतात आणि मग ती ओरडते ते बरोबरच आहे.

मग कंगव्याची शेपटी नाकाच्या सरळ रेषेत कपाळावर ठेवून टाळूपर्यंत न्यायची. पुढचा भांग सगळ्यांचा नीट पडतो, घोळ होतो मागे. टाळूपासून मानेपर्यंत एका दमात ओढायला गेलात तर रेघ वाकडी होते, म्हणून तिथे थांबा, मानेच्या मधोमध खळगा असतो तिथे शेपटीचं टोक टेकवा आणि खालून वर या. दोन रेषा मध्ये भेटतात. एक बाजू मोठ्या क्लचरने बाजूला लावा. आता दोन्ही बाजू मुठीत धरून बघा. एक जाड आणि एक बारीक लागली तर आत्ताच थोडे केस इकडून तिकडे घ्या, कारण जड वेणी हळूहळू खाली येते आणि बाई म्हणतात एक वेणी वर एक खाली.

वेणीची सुरुवात, इथेच सगळं ठरतं

वेणी कानाच्या मागे, कानाच्या पाळीच्या जरा वर सुरू करायची. जास्त वर घेतली तर स्कूटरवर मागे बसताना हेल्मेट बसत नाही, रेनकोटची टोपीपण तिथेच घासते. जास्त खाली मानेवर घेतली तर मान हलेल तशी ती ओढली जाते.

मुलीला मान सरळ ठेवून समोर बघायला सांगा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला मान खाली घालून बसवायचो कारण मला मानेवरचे केस नीट दिसायचे, पण मान खाली असताना तिथली कातडी ताणलेली असते, ती सरळ झाली की कातडी सैल होते आणि केसांचा फुगा तयार होतो. आरशासमोर व्यवस्थित दिसणारी वेणी शाळेच्या गेटपर्यंत मागून फुगलेली असते ती यामुळेच.

आता त्या जागी एक काळं रबर लावायचं, फक्त दोन वेढे. तिसरा वेढा मारायचा मोह होतो पण मारू नका, त्याने डोकं दुखतं. या रबराचं काम केस आवळणं नाही, वेणीचं वजन धरून ठेवणं आहे. जाड केसांना हा आधार नसला तर वेणीचं सगळं वजन पहिल्या पेडांवर येतं आणि ते घसरतात.

रबराखाली केसांचे तीन सारखे पेड करा. पहिले तीन-चार वळसे डोक्याच्या जवळ हात ठेवून घट्ट घ्यायचे, आणि ओढायचं ते खाली, बाहेर नाही. मी सुरुवातीला वेणी स्वतःकडे धरून घालायचो कारण तसं दिसतं नीट, पण हात खाली सोडले की मुळाशी दोन बोटं ढील राहायची. चार वळशांनंतर मात्र जोर कमी करा, फक्त सारखेपणा ठेवा. एक पेड बारीक झाला तर त्या बाजूने वेणी वळते आणि दुसऱ्या बाजूने केस बाहेर डोकावतात.

रिबीन आणि दुमड

शेंड्यापासून साधारण एक वीत राहिली की रिबीन मधोमध धरा, मधल्या पेडाच्या मागे ठेवा, एक अर्धा डाव्या पेडाबरोबर आणि दुसरा उजव्या पेडाबरोबर घ्या आणि वेणी पुढे चालू ठेवा. शेंडा बारीक होत जातो, रिबीन त्याला भर देते. दोन-तीन बोटं केस उरले की काळं रबर लावा आणि रिबिनीची दोन्ही टोकं त्यावरून फिरवून एक गाठ मारा. नुसती शेवटी बांधलेली रिबीन सुटू शकते, विणलेली सुटत नाही, हा एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे.

आता वेणी मानेच्या बाजूला वळवून वर दुमडा, शेंडा वरच्या रबरापाशी आणा. रिबिनीचं एक टोक पुढून, एक मागून फिरवून वरच्या रबराच्याही वर, डोक्याच्या अगदी जवळ आणा आणि तिथे दोनदा गाठ मारा, मग फूल. गाठ एकदाच मारली आणि लगेच फूल केलं तर पी.टी. झाली की फूल सुटतं. कमरेपर्यंतच्या केसांची दुमडलेली वेणी खांद्याच्या थोडी खाली येते.

कपाळावरचे बारीक केस पाण्याने बसवू नका. पाण्याने दहा मिनिटं छान दिसतं मग ते केस फुगून आणखीच उभे राहतात, दमट दिवसात तर नक्कीच. तळहातावर खोबरेलचा एक थेंब चोळा, जुना मऊ टूथब्रश त्यावर फिरवा आणि तोच ब्रश केसांवरून मागे न्या. एक थेंब म्हणजे एकच, जास्त झालं तर चेहऱ्यावर चकचकीत दिसतं आणि मैदानातली सगळी धूळ तिथे चिकटते. तरी राहिलेच तर कानाच्या वर एक एक टिकटॅक.

प्रॅक्टिसच्या दिवशी

मंगळवार आणि शुक्रवार तिची खो-खोची प्रॅक्टिस असते. खो-खोत पाठलाग करणाऱ्यांपैकी आठ जणी उकिडव्या बसतात, खो मिळाला की झटक्यात उठून धावतात, खांब धरून वळतात. दुमडलेल्या वेण्या त्या वळणावर उसळून डोळ्यांवर येतात आणि पुढचे केस कानामागून निघतात. या दोन गोष्टींवर दोन उपाय.

पुढच्या केसांसाठी सागरवेणी. भांग तोच, फक्त प्रत्येक बाजूला कपाळापाशी तीन छोट्या बटा घेऊन वेणी सुरू करायची आणि प्रत्येक वळशाला बाजूची एक पातळ बट त्या पेडात मिसळत कानामागे यायचं. तिथे सगळे केस आत आले की रबर, आणि पुढे वरचंच सगळं. नवीन असाल तर बटा बारीक घ्यायच्या नादात पडू नका, बोटाएवढी जाड बट चालते, पाच-सहा वळशात कान येतो. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला होता आणि व्हॅन निघून गेली होती, त्यामुळे रविवारी सराव करा.

वेण्या उसळू नयेत म्हणून दोन्ही दुमडलेल्या वेण्यांची खालची टोकं मानेमागे आणून पाचव्या रबराने एकमेकींना बांधायची. मग तिला हनुवटी छातीला टेकवायला सांगा. मुळाशी ओढ लागली तर रबर थोडं खाली घ्या. खेळून झालं की ती स्वतःच ते एक रबर काढते आणि वर्गात शाळेला हव्या तशा दोन वेण्या तयार.

सागरवेणी रोज घालू नका. कानशिलाजवळचे केस नाजूक असतात आणि रोज तिथेच ताण पडला तर विरळ होतात. बांधल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या दिसणं, केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या, संध्याकाळी केस सोडताना डोकं ठणकणं, किंवा कानशिलावर एकाच मापाचे आखूड तुटके केस, यातलं काही दिसलं की दोन-चार दिवस शाळेला साध्या वेण्या, त्याही सैल हाताने. आणि तरी विरळपणा वाढत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं, तेल बदलत बसायचं नाही.

दुपारी घरी आल्यावर वेणी वाचायची

मला खरं शिकवलं ते दुपारच्या वेण्यांनी. गेल्या जुलैतला एक शुक्रवार सांगतो. रात्रभर भुरभुर चालू होती, सकाळी सहाला वेणी घातली, सागरवेणी, रिबीन विणलेली, सगळं नियमाने. दुपारी आली तेव्हा डावी वेणी जशीच्या तशी आणि उजवी मुळापाशी इतकी सैल की मधून दोन बोटं जात होती, पण फूल मात्र घट्ट आणि शेंडाही जागेवर. म्हंजे रिबिनीचा दोष नाही, खालच्या विणीचा नाही, सैलपणा फक्त वरच्या भागात. मी उजव्या बाजूचे मुळाजवळचे केस गालाला लावून बघितले तर गार. विचारल्यावर कळलं की ती आदल्या रात्री ओले केस घेऊन उजव्या कुशीवर झोपली होती, उशीखालची बाजू वाळलीच नव्हती, गुरुवारी संध्याकाळी पावसात भिजली होती आणि आम्ही नुसतं पुसून सोडलं होतं. डाव्या बाजूला पंखा लागला होता. एकाच डोक्यावर एकाच हाताच्या दोन वेण्या आणि फरक फक्त ओलाव्याचा.

त्याच पद्धतीने बाकीचंही कळतं. मुळाशी घट्ट आणि मध्येच केसांचे झुपके बाहेर आले असतील तर पेड असमान झालेत, नाहीतर केस लेयरमध्ये कापलेत, मग तिथे रिबीन एक वीत आधी सुरू करायची. वेणी ठीक पण फूल खाली घसरलं असेल तर गाठ रबराच्या वर न जाता खाली बांधली गेलीये. अख्खी वेणी एक इंच खाली आली असेल तर ती बाजू जड आहे, म्हंजे मागचा भांग बघा.

शाळेत भिजली तर काय करायचं हे तिला सांगून ठेवलंय. दप्तरात एका छोट्या पिशवीत पातळ सुती पंचा आणि दोन रबर असतात. फूल सोडायचं, दुमड उघडायची, वेणी तशीच ठेवून पंच्यात धरून दाबायची (पिळायची नाही), आणि वेण्या खाली लोंबत ठेवायच्या. ओली वेणी पुन्हा दुमडून बांधली की आतलं पाणी तिथेच अडकतं. बाईंना सांग भिजले म्हणून, त्या समजून घेतात, आणि नाही घेतलं तर डायरीत मी उत्तर लिहीन.

घरी आल्या आल्या, जेवायच्याही आधी, वेण्या सोडायच्या. पावसाळ्यात वेणीचा आतला भाग संध्याकाळपर्यंत ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी केसांना कुबट वास येतो, तो शाम्पूनेही लगेच जात नाही. सोडताना रबर ओढून काढू नका, केस गुंतलेलं रबर सरळ कात्रीने कापा, पाच रुपयाचं रबर आहे. रिबिनी बेसिनमध्ये खळबळून खिडकीच्या गजाला टांगायच्या. आमच्याकडे पावसाळ्यात चार रिबिनी फिरत्या असतात, कारण दोन ओल्याच असतात.

आता हे सगळं, साध्या दिवशी, मला बारा मिनिटं लागतं, सागरवेणी असेल तर वीस. लेक त्या वेळात पाढे म्हणते, सतराचा आला की डावी वेणी झालेली असते.